दिशा बरोबर, सौदा नको

माझ्या ओळखीचे बरेच जण शेअर घेऊन झाल्यावर स्टॉपलॉस कुठे लावायचा ते ठरवतात. तोपर्यंत नफा-तोट्याचं गुणोत्तर ठरून गेलेलं असतं, कारण ते गुणोत्तर घडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे खरेदीचा भाव. माझ्या एका मित्राच्या सौद्यात हे मी अगदी जवळून पाहिलं.

एका मध्यम आकाराच्या कंपनीचा शेअर काही आठवडे ५०० रुपयांच्या खाली अडकला होता. ५०० पार झाले की घ्यायचा, असं आम्ही दोघांनीही ठरवलं होतं. शेवटची घसरण ४९० च्या आसपास थांबली होती. भाव त्याखाली गेला तर ब्रेकआउट फसला असं मानायचं, म्हणून स्टॉपलॉस ४८८. वर ५३० ला पूर्वी दोनदा जोरदार विक्री आली होती, म्हणून टार्गेट त्याच्या थोडं अलीकडे, ५२८. हे दोन्ही आकडे चार्टवरून आले होते, आमच्या इच्छेवरून नव्हे. आता ५०२ ला शेअर मिळाला असता तर जोखीम १४ रुपये आणि संभाव्य नफा २६ रुपये.

यात खर्चही धरावा लागतो. डिलिव्हरीच्या सौद्यात खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी लागतो, शिवाय स्टँप ड्युटी आणि इतर किरकोळ आकार. या भावाला मी शेअरमागे १.२० रुपये धरतो. तो खर्च जोखमीत मिळवायचा आणि नफ्यातून वजा करायचा. म्हणजे १५.२० गमावण्याची तयारी ठेवून २४.८० मिळवायचे. दोन्हींची बेरीज ४०. जोखमीला या बेरजेने भागलं की ३८ टक्के येतात. असे सौदे शंभरात ३८ वेळा यशस्वी झाले तर ना नफा ना तोटा. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे माझे असे ब्रेकआउट निम्म्याहून थोडे कमी वेळा चालतात, त्यामुळे हा सौदा घेण्यासारखा होता.

सकाळी शेअर ५११ ला उघडला. मित्राचा लगेच फोन आला, “अरे, बघतोस काय, सुटला ना!” त्याने ५११ ला घेतला. चार्ट तोच, कंपनी तीच, पण हिशेब पार बदललेला होता. स्टॉपलॉसपर्यंत २३ रुपये, टार्गेटपर्यंत १७. खर्च धरून २४.२० विरुद्ध १५.८०. आता बरोबरीत राहायलाच शंभरात साठहून जास्त वेळा यश हवं. एवढं यश या पद्धतीत मला कधीच मिळालेलं नाही.

हा आकडा त्यालाही टोचलाच. म्हणून त्याने स्टॉपलॉस ५०५ वर आणला. कागदावर जोखीम ६ आणि नफा १७, गुणोत्तर एकदम देखणं. पण हा शेअर एका दिवसात सहज १२ रुपये वर-खाली व्हायचा. म्हणजे ५०५ ही पातळी त्याच्या रोजच्या हालचालीतच येत होती. तिथे भाव आला म्हणून ब्रेकआउट फसला असं मुळीच ठरत नव्हतं. दुपारी भाव ५०४ ला आला, स्टॉपलॉस लागला आणि पुढच्या काही दिवसांत शेअर ५२८ च्या वर जाऊन आला. त्याचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला आणि पैसे मात्र गेले. याच्या उलट जाऊन टार्गेट ५६० धरणारेही भेटतात. ५३० ची विक्री डोळ्यांसमोर असताना ती न बघणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू.

म्हणून मी आदल्या रात्रीच खरेदीचा कमाल भाव काढून ठेवतो. खर्च वजा जाता जोखमीच्या किमान दीडपट नफा हवा, ही माझी अट. स्टॉपलॉस आणि टार्गेटमधलं अंतर ४०, त्यातला जोखमीचा वाटा दोन पंचमांश, म्हणजे १६. खर्चाचे १.२० वजा केले की १४.८० उरतात. ४८८ अधिक १४.८०, म्हणजे ५०२.८०. लिमिट ऑर्डर त्याच भावाची, मार्केट ऑर्डर नाही. त्या दिवशी भाव तिथवर खाली आलाच नाही आणि माझी ऑर्डर संध्याकाळी रद्द झाली. शेअर पुढे वर गेला म्हणून ५११ ची खरेदी शहाणपणाची ठरत नाही. तशाच शंभर सौद्यांचा हिशेब तोट्यातच जातो.

या गणिताला एक मर्यादा आहे आणि ती लक्षात ठेवावीच लागते. रात्रीतून वाईट बातमी आली आणि शेअर थेट ४७० ला उघडला, तर स्टॉपलॉस ४८८ ला लागत नाही. ४७० च्या आसपास जो भाव असेल त्यालाच विक्री होते. म्हणून कंपनीचे तिमाही निकाल दोन-तीन दिवसांवर असतील तर कागदावर दुप्पट-तिप्पट नफा दिसला तरी मी असा सौदा सोडून देतो.

तुम्हीही पुढच्या सौद्याआधी एवढं करा: स्टॉपलॉस आणि टार्गेट बाजार बंद असताना लिहा, त्यावरून कमाल भाव काढा, आणि सकाळी भाव त्याच्या वर असेल तर दोन्ही आकड्यांना हात न लावता तो सौदा सोडा.