ही ओल जुनी नाही कशावरून?

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये वरच्या घरातला पाइप रात्री फुटला आणि हॉलचं पीओपी खाली आलं. विम्याचा सर्व्हेअर आला, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "ही ओल जुनी नाही कशावरून?"

सगळा दावा या प्रश्नावर उभा असतो. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पाइप किंवा पाण्याची टाकी फुटून झालेलं नुकसान धरलेलं आहे, पण हळूहळू झिरपलेली ओल विमा कंपन्या झीज म्हणून नाकारतात. जुन्या ओलीला लोणा येतो, बुरशीचे काळे डाग पडतात, रंगाचे पापुद्रे सुटतात. आमच्या छतावर यातलं काही नव्हतं, पण दोन दिवसांत पंख्याखाली भिंत सुकली की हा फरक कोण सांगणार?

म्हणून पाणी टपकत असतानाच फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत. आधी अख्खी खोली, मग पडलेला भाग, मग त्यालाच टेप लावून. हे फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखे पाठवले, तर फाइलमधली मूळ तारीख-वेळ निघून जाते. त्यामुळे मूळ फाइल फोनमध्ये ठेवावी आणि प्रत ईमेलने द्यावी. फुटलेल्या पाइपचा तुकडा प्लंबरकडून मागून घेतला होता. त्याची ताजी चीर आणि प्लंबरच्या बिलावरची तारीख पाहून सर्व्हेअरचं समाधान झालं.

अडचण आली ती अंदाजपत्रकात. ठेकेदाराने "हॉल व किचन दुरुस्ती, 62,000" एवढंच लिहून दिलं आणि कंपनीने तो कागद परत पाठवला. दुसऱ्या वेळी खोलीनिहाय माप, दर, साहित्य आणि मजुरी वेगळी लिहून घेतली. तरी त्याने पीओपी अख्ख्या 180 चौरस फुटांचं धरलं होतं. पडलेला भाग 80 चौरस फूट. 110 रुपये दराने 8,800 रुपये. सर्व्हेअरने तेवढेच धरले आणि ते बरोबरच होतं. विमा मोडलेलं पूर्ववत करण्यासाठी असतो. नवं डिझाइन हवं असेल, तर त्याचं अंदाजपत्रक वेगळं करावं, नाहीतर खऱ्या आकड्यांवरही शंका येते.

दाव्याच्या कागदांवर जोडायचं पत्र एका पानाचं पुरे. पॉलिसी आणि क्लेम क्रमांक, घटनेची तारीख-वेळ, कारण, मागितलेली रक्कम. खाली जोडलेल्या कागदांची यादी, आणि अंदाजपत्रकातल्या प्रत्येक बाबीसमोर तिच्या फोटोचा क्रमांक. आमचं पत्र वाचताना सर्व्हेअरला फोटो शोधावा लागला नाही.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर कंपनीचा पोच शिक्का आणि तारीख घ्या. दावा अडला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. त्यानंतर नाशिककरांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथेही हेच कागद लागतात. आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत पडलेलं पीओपी भंगारात देऊ नका.