अरेतुरे की अहोजाहो, हे आधी ठरवा

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत जपानी आणि कोरियन मंडळींशी चॅट बहुधा इंग्रजीतच चालतं. कधीतरी आपल्यातलाच एखादा हौसेने त्यांच्या भाषेत लिहायला जातो. अशा मजकुरांची भाषांतरं मी करते, त्यामुळे कुठे बिनसतं ते जवळून दिसतं.

एका तरुण इंजिनिअरला जपानमधल्या पुरवठादार कंपनीतल्या, वयाने बऱ्याच मोठ्या माणसाकडून ड्रॉइंग हवं होतं. मनातलं इंग्रजी वाक्य साधं होतं: 'कॅन यू सेंड द ड्रॉइंग टुडे?' त्याने लिहिलं, 'क्यो, झुमेन ओकुत्ते.' अर्थ बरोबर होता आणि जपानी मित्राला हेच वाक्य शोभलंही असतं. पण मोठ्या माणसाच्या कानाला ते 'आज ड्रॉइंग पाठव रे' असं लागतं. ड्रॉइंग आलं, तक्रार आली नाही. फक्त त्यानंतरची उत्तरं लांबलचक आणि कमालीची औपचारिक होऊ लागली. जपानी माणूस सहसा तोंडावर चूक दाखवत नाही. म्हणून समोरच्याची भाषा अचानक ताठ झाली, तर आपलं मागचं वाक्य उघडून बघावं.

तिथे हवं होतं 'होन्जित्सु, झुमेन ओ ओओकुरी इतादाकेमासु देश्यो का'. 'ओकुत्ते कुदासाइ' म्हणजे 'पाठवा', हे क्रमिक पुस्तकात सभ्य म्हणून शिकवतात, तरी वरिष्ठाला ते हुकमासारखं वाटू शकतं. कोरियनमध्ये मित्राला 'ओनुल दोम्योन बोने ज्वो' चालतं, तर मोठ्या सहकाऱ्याला 'बोने जुशिल सु इस्सुल्क्कायो' म्हणावं लागतं. दोन्ही भाषांत मान मुख्यतः क्रियापदाच्या शेपटात असतो.

इंग्रजीच्या 'यू'मध्ये नातं दिसत नाही, म्हणून मी नवशिक्यांना सांगते की वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. 'पाठव', 'पाठवा' की 'पाठवू शकाल का', हे आपल्याला विचार न करता कळतं. पण 'तुम्ही'ला मात्र तिथे प्रतिशब्द शोधू नका. जपानी 'आनाता' किंवा कोरियन 'तांगशिन' वरिष्ठाला म्हणणं चांगलंच खटकतं. तिथे आडनावाला 'सान' जोडावं किंवा हुद्दा घ्यावा: जपानीत 'तानाका-सान', कोरियनमध्ये 'किम बुजांगनिम'. कोरियनमध्ये नुसत्या आडनावाला 'सी' जोडून 'किम सी' म्हणणं मानाचं नाही, उलट अपमानाचं ठरतं.

मराठीचा हात धरून इथपर्यंत येता येतं. पुढे एका ठिकाणी मात्र ती जपानीत दगा देते, आणि ही जागा फार थोड्यांना ठाऊक असते. समजा, त्याच निरोपात 'आमचे साहेब म्हणतात, लवकर हवंय' असं घालायचंय आणि साहेबांचं आडनाव पाटील आहे. आपण साहेबांना आदरार्थीच बोलणार. कोरियन माणूसही तसंच म्हणेल: 'पाटील बुजांगनिमक्केसो मल्सुम्हाश्योस्सुम्निदा', पाटीलसाहेबांनी सांगितलंय. ऐकणारा बाहेरचा असला तरी आपल्या वरिष्ठाचा मान कायम. जपानीत मात्र बाहेरच्या कंपनीशी बोलताना आपले साहेब आपल्याच गोटातले, म्हणून त्यांना खाली आणायचं: 'बुचो नो पातिरु गा मोशिते ओरिमासु'. नावापुढे 'सान' नाही, क्रियापदही नम्रतेचं. मराठी मनाला हे जड जातं, साहेबांचा उपमर्द केल्यासारखं वाटतं. पण तिथे 'पातिरु-सान' लिहिलं तर आपण आपल्याच माणसांना मोठेपणा देतोय असं दिसतं. हेच वाक्य आपल्या कंपनीतल्या जपानी सहकाऱ्याला लिहायचं असेल तर उलट, 'पातिरु बुचो गा ओश्श्यात्ते इमासु', असा पूर्ण मान द्यायचा.

जपानी पालक कंपनी आणि तिचा नाशिकचा कारखाना असं असेल, तर आतलं कोण आणि बाहेरचं कोण हे ठरवणं खरंच कठीण असतं. अशा वेळी जुने मेल काढावेत आणि तिथल्या लोकांनी इथल्या साहेबांचा उल्लेख कसा केलाय ते पाहावं. तोच कित्ता गिरवावा.

मित्रांच्या चॅटमध्ये चूक उलट्या बाजूने होते. सुरक्षित म्हणून सगळीकडे आदरार्थी लिहिणारे पुष्कळ भेटतात. रोज अरेतुरे करणारा मित्र अचानक 'आपण कधी येणार आहात?' म्हणाला, तर आपण काय समजतो? कोरियन मित्रही तेच समजतो, की हा रागावलाय. म्हणून मैत्रीत एकदा 'बान्माल', म्हणजे एकेरी बोलणं, सुरू झालं की ते सोडू नये. सुरुवात कुणी करायची, याचीही तिथे रीत आहे. वयाने मोठा असेल त्याने 'मोकळं बोल' म्हणायचं, धाकट्याने आपणहून नाही. आणि हे कामाच्या ठिकाणचा मोठा सहकारी म्हणाला, तरी वाक्याशेवटचा 'यो' निदान काही आठवडे तसाच राहू द्यावा.