संदर्भांची नोंदपेटी: एका लेखिकेची दोन नावे

बंगळूरच्या सर्जापूर रोडने शहराबाहेर निघाले की सर्जापूर भागात अझीम प्रेमजी विद्यापीठाचा परिसर लागतो. समजा, तेथे शिकणारी एखादी मराठी विद्यार्थिनी महाभारतावरील स्त्रियांच्या लेखनावर इंग्रजीत प्रबंध लिहीत आहे. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' या ग्रंथाची 1967 ची मराठी आणि 1969 ची इंग्रजी अशा दोन्ही आवृत्त्यांचा तिला आधार घ्यावयाचा आहे. संदर्भ सांभाळण्यासाठी तिने झोटेरो ही विनामूल्य संगणक-प्रणाली निवडली आहे. या दोन नोंदींचा प्रवास पाहिला म्हणजे या साधनाची रीत आणि त्याची मर्यादा, दोन्ही ध्यानात येतात.

झोटेरोची कल्पना ग्रंथालयातील कार्डांच्या पेटीसारखी आहे. एका ग्रंथाचे एक कार्ड. त्यावर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष यांचे वेगवेगळे रकाने. कार्ड पेटीत येण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. ब्राउझरमध्ये Zotero Connector बसविले असता ग्रंथालयाच्या तालिकेतील पानावर पुस्तकाचे चिन्ह दिसते. ते दाबले की कार्ड तयार होते. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक ठाऊक असेल, तर Add Item by Identifier येथे तो लिहिला तरी पुरते. परंतु आयएसबीएनची आंतरराष्ट्रीय पद्धत 1970 मध्ये ठरली. त्यामुळे 1967 च्या प्रतीवर तो क्रमांक असणे शक्य नाही. अशा ग्रंथासाठी New Item मधून Book निवडावे आणि मुखपृष्ठामागील माहिती पाहून रकाने स्वतः भरावेत.

आता आपल्या विद्यार्थिनीने इंग्रजी आवृत्तीचे कार्ड एका तालिकेतून आणले. त्यात लेखिकेचे नाव Iravati असे आले. मराठी आवृत्तीचे कार्ड तिने स्वतः भरले आणि Irawati असे लिहिले. आपल्या दृष्टीने व्यक्ती एकच. यंत्राच्या दृष्टीने मात्र कर्वे आडनावाच्या या दोन निराळ्या लेखिका झाल्या.

नोंदी वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीस खुणेची चिठ्ठी, म्हणजे टॅग, जोडता येते. तालिकेतून आलेल्या कार्डाबरोबर ग्रंथालयाचे विषयशब्दही टॅग म्हणून येतात व पेटीत गर्दी करतात. सेटिंगमध्ये ते बंद करता येतात. त्यापेक्षा आपल्या कामाचे मोजके टॅग बरे. तिने 'तपासले' हा एकच टॅग ठेवला आणि त्याला रंग दिला. रंगीत टॅग नऊपर्यंत ठेवता येतात, आणि 1 ते 9 या कळींनी ते लावता वा काढता येतात. प्रत्यक्ष पुस्तक हाती घेऊन ताडून पाहिलेल्या कार्डासच हा टॅग लावावयाचा, असा नियम तिने केला.

यानंतर लेखनाचे काम. वर्डमध्ये Zotero या पट्टीवरील Add/Edit Citation दाबले असता प्रथम संदर्भशैली विचारली जाते. तिने शिकागोची लेखक-वर्ष पद्धत निवडली. मग आडनाव टंकित करून कार्ड निवडावयाचे, आणि निवडलेल्या नावावर टिचकी मारून पृष्ठांक लिहावयाचा. प्रकरणाच्या शेवटी Add/Edit Bibliography दाबले की संपूर्ण सूची तयार होते.

येथेच दोष उघड होतो. कंसात केवळ Karve व वर्ष येण्याऐवजी आडनावाआधी पहिले नावही उमटू लागते. सूचीतही एकाच लेखिकेची नावे दोन रूपांत दिसतात. हा यंत्राचा बिघाड नव्हे. एका आडनावाच्या दोन व्यक्तींत वाचकाची गल्लत होऊ नये, म्हणून शैलीच्या नियमानुसार पहिले नाव जोडले गेले आहे. कंसात अकारण पहिले नाव किंवा आद्याक्षर दिसले, की कोठेतरी एका व्यक्तीची दोन रूपे झाली आहेत असे समजावे.

अशा वेळी मजकुरातील कंस हाताने दुरुस्त करण्याचा मोह होतो. तो टाळावा. पुढे कधी निर्देश ताजे केले जातात, तेव्हा झोटेरो हा बदल ओळखतो व तो ठेवावा काय असे विचारतो. ठेवला, तर त्या निर्देशात पुढील सुधारणा आपोआप उतरत नाहीत. न ठेवला, तर चूक परत येते. खरा उपाय कार्डावर आहे. दोन्ही कार्डांवर Karve हे आडनावाच्या व Irawati हे नावाच्या रकान्यात एकाच वर्णलेखनाने लिहावे, आणि वर्डमध्ये Refresh दाबावे. सर्व प्रकरणांतील कंस एकदम सुधारतात.

प्रबंध सादर करण्यापूर्वी Unlink Citations दाबून निर्देशांचे साध्या मजकुरात रूपांतर करता येते. मात्र हे काम दस्तऐवजाच्या निराळ्या प्रतीवर करावे. कारण त्यानंतर त्या प्रतीचे पेटीशी नाते उरत नाही, आणि परीक्षकाने एखादा बदल सुचविला तर मूळ प्रतच उपयोगी पडते.