दहा पीपीएम म्हणजे किती? चूर्णातील शिसे आणि मात्रेचा हिशेब

पारंपरिक औषधांत जड धातू दोन वाटांनी येतात. रसौषधींमध्ये धातू घटक म्हणूनच योजलेला असतो. पारा व गंधकाची कज्जली, शिशाचे नागभस्म, आर्सेनिकयुक्त हरताळ व मनःशिला ही त्याची उदाहरणे होत. केवळ वनस्पतिजन्य चूर्णांत मात्र धातू नकळत शिरतो. दूषित माती, सांडपाण्यावरील सिंचन किंवा रस्त्याकडेला वाळवताना बसलेली धूळ हे त्याचे मार्ग आहेत.

वनस्पतिजन्य औषधांसाठी भारतातील कमाल मर्यादा शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएम अशी आहे. ही मर्यादा औषधातील प्रमाणाची आहे, पोटात जाणाऱ्या मात्रेची नव्हे. कीडनाशकांच्या अवशेषांबाबत आपण जसा दैनंदिन सेवनाचा विचार करतो, तसाच तो येथेही करावा लागतो.

एक पीपीएम म्हणजे दर ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम. समजा, एखादे चूर्ण 3 ग्रॅम याप्रमाणे दिवसातून दोनदा घ्यावयाचे आहे. त्यात शिसे नेमके 10 पीपीएम असेल, तर रोज 60 मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आहारातील शिशासाठी ठरविलेली दैनिक संदर्भ पातळी प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांकरिता 8.8 आणि मुलांकरिता 2.2 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजेच चूर्ण मर्यादेत बसूनही त्या स्त्रियांसाठीची पातळी जवळजवळ सातपट ओलांडते. तेच चूर्ण 0.8 पीपीएमचे असेल, तर रोजचे शिसे 4.8 मायक्रोग्रॅम होते. स्त्रियांच्या पातळीखाली, पण मुलांच्या पातळीहून अधिक.

म्हणून तपासणी अहवालात केवळ ‘मर्यादेत’ असा शेरा पुरेसा मानू नये. प्रत्यक्ष आकडा मागावा आणि त्यास रोजच्या ग्रॅमने गुणावे. अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असावा व त्यावरील बॅच क्रमांक डबीवरील क्रमांकाशी जुळावा, कारण कच्चा माल बदलला की धातूचे प्रमाणही बदलते. परवाना क्रमांक, घटकांची यादी व उत्पादन दिनांक नसलेले सुटे चूर्ण घेऊ नये. यादीत पारद, हिंगूळ, नाग, हरताळ किंवा सोमल आढळल्यास, अथवा वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असल्यास, ते औषध स्वतःहून सुरू करू नये. गर्भवती, स्तनदा माता व बालके यांच्याबाबत हे कटाक्षाने पाळावे.

रंग, वास किंवा चव यांवरून शिसे ओळखता येत नाही. औषध घेत असताना पोटात कळा, बद्धकोष्ठता, रक्तक्षय किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवल्यास डॉक्टरांना डबीसह भेटावे आणि रक्तातील शिशाच्या तपासणीविषयी विचारावे. ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात. त्यामुळे घेतलेल्या औषधाची माहिती दिली नाही, तर निदान सहज हुकते.