प्रकल्पाच्या मर्यादा : सराव-मौखिकीतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे

शाळेतून बाहेर पडून पदवीच्या अंतिम वर्षाला पोहोचलेले आपले विद्यार्थी मौखिक परीक्षेपूर्वी सरावासाठी आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही त्यांच्या प्रकल्प-अहवालाचे शेवटून दुसरे पान आधी उघडतो. त्या पानावर ‘अभ्यासाच्या मर्यादा’ असे शीर्षक असते आणि त्याखाली बहुधा तीच तीन वाक्ये : वेळ अपुरा होता, निधी अपुरा होता, नमुना लहान होता. ही वाक्ये खोटी नसतात. परंतु ती कोणत्याही प्रकल्पाखाली चालतात, आणि म्हणूनच परीक्षक तेथे थांबतो. ‘या मर्यादेमुळे तुमच्या निष्कर्षाचे नेमके काय बिघडले?’ असे त्याने विचारले, की विद्यार्थी गप्प होतो.

सरावासाठी आम्ही एक उदाहरण रचले आहे. गृहविज्ञानाच्या अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी आहे. नागपुरातील एका महाविद्यालयीन वसतिगृहात 140 मुली राहतात. त्यांपैकी स्वतःहून पुढे आलेल्या 60 मुलींचे हिमोग्लोबिन तिने साहली पद्धतीने मोजले. 39 मुलींचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी भरले. (गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रक्तक्षयाची हीच सीमा ठरविलेली आहे : दर 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅम.) अहवालाचा निष्कर्ष असा : ‘65 टक्के मुलींना रक्तक्षय आहे.’ आकडे आमचे आहेत, पण चुका आम्ही वर्षानुवर्षे पाहिलेल्या आहेत.

प्रश्न : 65 टक्के म्हणता, ते कोणाचे?

घाईचे उत्तर ‘वसतिगृहातील मुलींचे’ असे येते. आम्ही तेथेच अडवतो. मोजल्या गेल्या 60 मुली, उरलेल्या 80 मुलींविषयी विद्यार्थिनीला काहीही ठाऊक नाही. ज्यांना थकवा जाणवतो त्याच मुली तपासणीसाठी आधी पुढे आल्या असतील, तर आकडा फुगला असेल. उलट ज्यांना सुई टोचून घेण्याची भीती वाटते, किंवा ज्या त्या आठवड्यात आजारी म्हणून गावी गेल्या होत्या, त्या अधिक अशक्त असतील, तर आकडा कमी आला असेल. चांगले उत्तर असे देता येईल :

‘सर, 65 टक्के हे फक्त तपासलेल्या 60 मुलींचे प्रमाण आहे. उरलेल्या 80 पैकी एकीलाही रक्तक्षय नसेल, तर वसतिगृहाचे प्रमाण 140 पैकी 39, म्हणजे सुमारे 28 टक्के होईल. त्या सगळ्यांनाच असेल, तर 140 पैकी 119, म्हणजे 85 टक्के होईल. दोन्ही टोके प्रत्यक्षात येण्याचा संभव कमी आहे, पण माझ्या नोंदींवरून याहून अरुंद मर्यादा मला ठामपणे सांगता येत नाहीत.’

या उत्तरात अवघड गणित नाही. पण आपण काय मोजले आणि काय मोजले नाही, हे विद्यार्थिनीला स्वच्छ कळले आहे, हे परीक्षकाच्या लक्षात येते.

प्रश्न : मग नमुना 600 मुलींचा घेतला असता, तर ही अडचण सुटली असती का?

हा प्रश्न सापळ्यासारखा आहे, कारण ‘नमुना लहान’ हे वाक्य विद्यार्थिनीने स्वतःच लिहिलेले असते. नमुन्याचा आकार आणि नमुन्याची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिठ्ठ्या टाकून 60 मुली निवडल्या असत्या, तर केवळ योगायोगाने होणारा फरक नेहमीच्या सूत्राने काढता आला असता आणि तो साधारण 53 ते 77 टक्के इतका आला असता. मुली वाढवल्या की ही पट्टी अरुंद होते. पण स्वेच्छेने आलेल्या मुलींच्या बाबतीत ही पट्टी खऱ्या अर्थाने लागूच पडत नाही. दहा वसतिगृहांतून स्वेच्छेने आलेल्या 600 मुली घेतल्या, तरी ‘कोण आले, कोण आले नाही’ ही चूक तितकीच राहील. फरक एवढाच, की आकडा अधिक नेमका दिसेल आणि चूक अधिक विश्वासार्ह वाटेल. म्हणून उत्तर : ‘नाही सर. माझी खरी मर्यादा निवडीची आहे. हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून 40 मुली निवडल्या असत्या आणि त्या सगळ्या तपासता आल्या असत्या, तर त्या 40 मुलींनी या 60 मुलींपेक्षा वसतिगृहाविषयी अधिक सांगितले असते.’

विदर्भातील सगळ्या मुलींविषयी काही म्हणता येईल का, हा पुढचा प्रश्न याच वाटेने सोडवावा. वसतिगृहात एकच मेस असते, जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि मुली बाहेरगावच्या असतात. घरी राहून शिकणाऱ्या किंवा शेतमजुरी करणाऱ्या मुलीचे जेवण वेगळे असते. तेथे हा आकडा नेऊ नये, एवढे एका वाक्यात सांगून थांबावे.

प्रश्न : साहली पद्धतीने घेतलेल्या रीडिंगवर आम्ही किती विश्वास ठेवावा?

येथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण मापनाची चूक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातून घडते आणि अहवालात ती कुठेच दिसत नाही.

पद्धत थोडक्यात अशी. नळीत 2 या खुणेपर्यंत दशांश नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे. बोटातून पिपेटने 20 मायक्रोलिटर रक्त घेऊन त्यात सोडायचे आणि सुमारे दहा मिनिटे थांबायचे. हिमोग्लोबिनचे तपकिरी अॅसिड हिमॅटिन तयार होते. मग थेंब थेंब ऊर्ध्वपातित पाणी घालत रंग शेजारच्या प्रमाण-काचेशी जुळवायचा आणि जुळताच नळीवरील पातळी वाचायची. जितके पाणी जास्त मावले, तितके हिमोग्लोबिन जास्त.

एवढे नीट समजले, की कोणती चूक आकडा कोणत्या बाजूला ढकलते, हे विद्यार्थिनीला स्वतःच सांगता येते. दहा मिनिटे न थांबता घाईने वाचले, तर रंग अजून पुरता गडद झालेला नसतो. तो थोड्या पाण्यातच जुळतो आणि आकडा कमी येतो. रक्त येत नाही म्हणून बोट दाबून पिळले, तर ऊतींमधला द्रव रक्तात मिसळतो आणि आकडा पुन्हा कमी येतो. उलट प्रमाण-काच जुनी होऊन फिकी पडली असेल, तर तितका फिका रंग आणण्यासाठी अधिक पाणी घालावे लागते आणि आकडा जास्त येतो. पिपेटच्या बाहेर लागलेले रक्त पुसले नाही, किंवा शेवटचा थेंब गरजेपेक्षा मोठा पडला, तरीही आकडा जास्तच येतो. यांखेरीज डोळ्यांचा प्रश्न आहेच : खिडकीजवळ उजेडात जुळलेला रंग रात्री ट्यूबलाइटखाली तसाच दिसत नाही.

या चुका दोन जातींच्या आहेत. उजेडामुळे किंवा थेंबामुळे होणारी चूक कधी वर, कधी खाली जाते. प्रत्येक मुलीचे दोनदा वाचन करून सरासरी घेतली, तर ती काहीशी कमी होते. पण प्रत्येक वेळी पाचच मिनिटे थांबण्याची सवय असेल, तर सगळे आकडे एकाच बाजूला सरकतात, आणि तेथे दोनदाच काय, दहादा वाचूनही काही सुधारत नाही.

प्रश्न : समजा, तुमची रीडिंग नळीवरच्या फक्त दोन रेघांनी कमी आली असतील, तर?

नळीवरची लहान रेघ 0.2 ग्रॅमची असते. दोन रेघा म्हणजे 0.4 ग्रॅम. विद्यार्थिनीने वही उघडून मोजावे. आमच्या उदाहरणात 39 पैकी 14 मुलींची नोंद 11.6 किंवा 11.8 अशी आहे. दोन रेघा वर सरकवल्या, की या 14 मुली 12.0 किंवा 12.2 वर जातात आणि रक्तक्षयाच्या यादीतून बाहेर पडतात. उरतात 25, म्हणजे 42 टक्के. एकाही मुलीच्या रक्तात बदल झालेला नाही, तरी 65 चे 42 झाले. नमुनेदार उत्तर :

‘मॅडम, पुष्कळ मुली सीमेच्या अगदी जवळ असल्यामुळे माझा टक्का मापनातल्या लहान चुकीलाही फार हलतो. मी दहा मुलींचे शिरेतले रक्त प्रयोगशाळेत स्वयंचलित यंत्रावर तपासून ताडून पाहायला हवे होते. ते केले नाही. म्हणून मी टक्क्याबरोबर सर्व नोंदींचा आलेख दिला आहे, आणि 11 ग्रॅमच्याही खाली असलेल्या मुली वेगळ्या दाखवल्या आहेत. त्यांच्याबाबत दोन रेघांनी निष्कर्ष बदलत नाही.’

‘केले नाही’ हे दोन शब्द उच्चारताना विद्यार्थी अडखळतात. आमच्या अनुभवात परीक्षक त्यांवर गुण कापत नाहीत. कापतात ते ‘यंत्र अचूक होते’ या उत्तरावर.

प्रश्न : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांत रक्तक्षय सुमारे 54 टक्के आढळला. तुमचा आकडा त्याहून अधिक आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तुलना योग्य आहे का?

नाही. वयोगट निराळा, निवड निराळी आणि मापन निराळे. त्या सर्वेक्षणात बोटातले रक्त हातात मावणाऱ्या डिजिटल यंत्राने तपासले होते. मापनाचा फरक किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. 2016 ते 2018 मधील राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात शिरेतले रक्त घेतले गेले, आणि 10 ते 19 वयाच्या मुलींत रक्तक्षय सुमारे 40 टक्के आढळला. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 च्या फेरीत 15 ते 19 वयाच्या मुलींत तो सुमारे 54 टक्के होता. येथेही वयोगट पूर्णपणे जुळत नाहीत, त्यामुळे सगळा फरक सुईवर ढकलता येणार नाही. पण बोटाचे रक्त की शिरेचे रक्त, हा वाद संशोधकांत त्यानंतर रंगला. मोठ्या सर्वेक्षणांत जर हे घडते, तर साहलीच्या नळीवरून आलेले 65 राज्याच्या 54 शेजारी ठेवून ‘अधिक’ हा शब्द लिहिणे टिकणार नाही. विद्यार्थिनीने ते वाक्य मौखिकीतच मागे घ्यावे.

प्रश्न : शीर्षकात ‘लोहाची कमतरता’ असे आहे. लोह मोजले का?

मोजले नाही, हिमोग्लोबिन मोजले. हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी होते, तसे ब-12 किंवा फॉलिक अॅसिडच्या अभावीही होते. विदर्भात तर सिकलसेल आजार विसरून चालणार नाही. तेथे कारण रक्तपेशींच्या अनुवंशिक घडणीत असते. लोहाचा साठा पाहण्यासाठी फेरिटिन तपासावे लागते. शीर्षक ‘हिमोग्लोबिनची पातळी’ असे केले, तर ही मर्यादा लिहिण्याची गरजच उरत नाही.

शेवटी आम्ही मूळ नोंदवही मागतो. एकदा एका वहीत 11.5 ही नोंद पुन्हा पुन्हा दिसली. नळीवर 11.4 आणि 11.6 या रेघा असतात, 11.5 ची नसते. ‘हे कुठून आले?’ असे विचारल्यावर ती मुलगी थोडा वेळ वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘दोन रेघांच्या मध्ये वाटले, की मी साडेअकराच लिहायचे.’ आम्ही तिला तेच वाक्य मर्यादांच्या पानावर लिहायला सांगितले.