कळ कमी झाली, पण चप्पल निसटायला लागली

भरलेला घरगुती गॅस सिलिंडर जवळपास 30 किलोचा असतो. चाळिशीतले एक गृहस्थ तो उचलून दुसऱ्या मजल्यावर नेत होते. जिन्याच्या वळणावर कंबरेत कळ आली आणि ते तिथेच खाली बसले. उसण भरली म्हणून घरच्यांनी मलम चोळलं. दुसऱ्या दिवशी कूसही बदलता येईना, तेव्हा ते माझ्याकडे आले.

दुखणं फक्त कंबरेत होतं. दोन्ही पायांची ताकद आणि स्पर्श व्यवस्थित होता. अशा वेळी मी लगेच एमआरआय सांगत नाही. चाळिशीत कंबर मुळीच न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या मणक्यातली गादी एमआरआयमध्ये थोडी सरकलेली दिसते. तो रिपोर्ट हातात पडला की माणूस उगीच धास्तावतो आणि हलायचंच बंद करतो.

हालचाल बंद करणं मात्र महागात पडतं. फार तर एक-दोन दिवस आडवं व्हावं, उताणं झोपल्यास गुडघ्यांखाली उशी आणि कुशीवर झोपल्यास दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावं, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताच्या कोपरावर भार देत उठावं. जागेपणी तासाभराने घरातल्या घरात पाच मिनिटं चालावं. मांडी घालून बसणं, खाली बसून भाजी चिरणं काही दिवस टाळावं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं शेक घ्यावा, ती पाठीखाली ठेवून झोपू नये. दुखण्याची गोळी जेवणानंतर आणि थोडेच दिवस घ्यावी. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. नुसता पाय लावल्याने काही बिघडत नाही. पण लाथ मारून घेणं, पाठीवर कुणाला उभं करणं, झटका देऊन हाडं मोडून घेणं, हे कृपा करून करू नका.

या गृहस्थांना पाचव्या दिवशी कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलापर्यंत विजेसारखी चमक येऊ लागली. खोकलं की ती वाढायची. सरकलेली गादी नसेवर दाब देत होती. याला आपण सायटिका म्हणतो. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरतो. मी त्यांना रोज तीन गोष्टी करून बघायला सांगितल्या. भिंतीचा आधार घेऊन टाचांवर चालायचं, एकेका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं आणि दोन्ही पावलांवरून बोट फिरवून स्पर्श सारखा लागतो का ते पाहायचं.

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, बरं वाटतंय, कळ निम्म्यावर आली." मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, उजव्या पायातली चप्पल निसटते ते सांगा ना!"

मी त्यांना लगेच बोलावून घेतलं. उजव्या पायाचा अंगठा माझ्या बोटाच्या दाबाविरुद्ध वर उचलता येत नव्हता. टाचेवर चालताना पाऊल खाली पडत होतं. कळ कमी होतेय पण ताकदही जातेय, याचा अर्थ नस बरी होत नसून तिचं काम बंद पडत चाललंय. त्याच दिवशी एमआरआय केला आणि त्यांना मणक्याच्या सर्जनकडे पाठवलं. शस्त्रक्रिया झाली. पावलाची ताकद परत यायला पुढे काही महिने लागले.

याहून घातक लक्षणं सांगायला लोक लाजतात, म्हणून मी स्वतःहून विचारतो. लघवी लागल्याचं कळतं का? धार सुरू व्हायला वेळ लागतो का? शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श नीट जाणवतो का? दोन्ही पायांत कळ किंवा मुंग्या आहेत का? मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो. तो दाबला गेला की लघवी, शौच आणि बसायच्या जागेची संवेदना जाते. दाब लवकर काढला नाही, तर हे नुकसान कायमचं राहू शकतं. इथे एकेक तास मोलाचा असतो.

म्हातारपणी साधी बादली उचलूनही मणका दबून मोडू शकतो. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा टीबीही असू शकतो. अशांनी शेकत बसू नये.

लघवीची किंवा बधिरपणाची लक्षणं रात्री दोन वाजता जाणवली, तर रात्रीच निघा आणि एमआरआय व मणक्याची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात जा. तिथे नुसतं "कंबर दुखते" म्हणू नका, एक इंजेक्शन देऊन परत पाठवतील. "लघवी होत नाही आणि बसायची जागा बधिर झालीय," असं स्पष्ट सांगा.