अळूच्या कुळातील शोभेची झाडे आणि लहान मुले

अळूचे कच्चे पान जिभेस लागताच घसा खवखवतो, हे गृहिणींना चांगले माहीत असते. म्हणूनच अळूच्या भाजीत चिंच घालतात. शाळेच्या वा बालवाडीच्या खिडकीत ठेवला जाणारा मनी प्लँट आणि कुंडीतला डिफेनबेकिया हे याच कुळातील होत. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले की ते जीभ, ओठ व गाल यांच्या नाजूक त्वचेत रुततात. मनी प्लँटचे पान हृदयाकृती, बहुधा पिवळसर छटांचे असून त्याच्या पेरांवर मुळे फुटतात. डिफेनबेकियाचा दांडा जाड व वलयांकित असतो आणि रुंद पानावर पांढरट ठिपके दिसतात.

समजा, मनी प्लँटची बाटली चार फूट उंचीच्या फळीवर ठेवली आहे. शिक्षकास ती निर्धोक वाटते. परंतु तीन फूट लोंबलेल्या वेलीचे टोक जमिनीपासून अवघ्या एका फुटावर, म्हणजे रांगत्या मुलाच्या तोंडाशीच, येते. यास्तव कुंडीची नव्हे, तर वेलीच्या टोकाची उंची पाहावी. वेल वरचेवर छाटावी, गळलेली पाने रोज वेचावीत आणि जवळ बाक वा पेटी ठेवू नये. मांजराला मात्र उंचीची अडचण नाही. ते सर्वत्र चढते, म्हणून ज्या घरात मांजर पाने चघळते तेथे ही झाडे बंद खोलीत ठेवावीत किंवा देऊन टाकावीत, आणि मांजरासाठी एका पसरट कुंडीत गहू पेरावेत. ते कोवळे गवत ते आवडीने खाते. लिलीची फुले तर अशा घरात आणूच नयेत. त्यांचे परागकणही मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात.

मुलाने पान चावल्यास ते एकाएकी रडू लागते, लाळ गळते व ओठ सुजतात. प्रथम तोंडातील तुकडे बोटाने काढावेत, ओल्या फडक्याने तोंड पुसावे आणि थंड पाणी वा दूध घोटघोट पाजावे. ओकारी मुळीच काढवू नये. त्रास सहसा काही तासांत ओसरतो. परंतु जीभ सुजून गिळता येईनासे झाले, आवाज घोगरा झाला अथवा श्वास अडखळू लागला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्या वेळी तोंडात काही घालू नये. पानाची फांदी बरोबर न्यावी.

अंगणातील कण्हेर व पिवळ्या फुलांची बिट्टी यांस हा नियम लावू नये. त्यांचे विष हृदयावर घाला घालते आणि आरंभी तोंडात दाहही फारसा होत नाही. मुले बिट्ट्यांनी खेळतात, तेव्हा ती तोंडात जाणे अवघड नाही. या झाडांचा भाग पोटात गेल्याची शंका आली, तरी मूल हसतखेळत असले म्हणून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.